मांडीच्या वळ्या डावीकडं तीन, उजवीकडं दोन. फोटो बघून कुणी सांगेल का?

विट्याची_लेक · १२ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळ, मुलगी, साडेनऊ आठवड्यांची. सध्या माहेरी विट्यात आहे. आज सकाळी मालिश झाल्यावर आईनं तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले आणि नणंदेचा थेट फोन आला, "वहिनी, एका मांडीला वळ्या जास्त दिसतायत, दाखवून घे." तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता लंगोट बदलताना दर वेळी मोजत बसते. डावीकडं तीन, उजवीकडं दोन.

बाळ खेळतं, दूध नीट पितं, वजन वाढतंय. जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं होतं आणि सगळं ठीक म्हणाले होते. मांडीचा तेवढा भाग कापून फोटो खाली जोडलाय. आई म्हणते, "गुटगुटीत पोर आहे, नजर लावू नका." खरंच काही असतं का यात?

दोन_पोरांची_आई · १२ जून, रात्री ११.५२

अगं काही नसतं. माझ्या धाकट्याला उजवीकडं चार आणि डावीकडं दोन होत्या. आता तो सातवीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात पळतो. आजकाल जरा काही दिसलं की लोक स्कॅन करायला धावतात. झोप निवांत.

हळदीचं_गाव · १३ जून, सकाळी ६.१५

वळ्यांमध्ये घाम आणि दूध साचून लाल होतं, त्याचा वास पण येतो. पावडर अजिबात लावू नका, गुठळ्या होतात. मऊ सुती कापडानं कोरडं करून खोबरेलाचं बोट फिरवा. आठ दिवसांत फरक पडेल.

विट्याची_लेक · १३ जून, सकाळी ७.०५

@हळदीचं_गाव धन्यवाद, पण लाल वगैरे काही नाही. प्रश्न वळ्यांच्या संख्येचा आहे. 🙂

मिरज_फिजिओ · १३ जून, दुपारी २.३०

मी लहान मुलांसोबतच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फोटोवरून खुब्यात दोष "आहे" असंही सांगता येणार नाही आणि "नाही" असंही. दोन_पोरांची_आई म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. साधारण चार निरोगी बाळांत एकाच्या तरी मांडीच्या वळ्या दोन्हीकडं सारख्या नसतात. मांडीच्या मधोमध एखादी वळी जास्त असणं हे तर नेहमीचंच. जांघेतली किंवा ढुंगणाखालची वळी एका बाजूला लांब आणि खोल गेलेली असेल, तर आम्ही जरा जास्त लक्ष देतो. तुमच्या फोटोत जांघ दिसतच नाही. शिवाय बाळाची कंबर थोडी डावीकडं कललेली वाटते. कंबर कलली की एका मांडीची कातडी दुमडते आणि दुसरीची ताणली जाते, म्हणजे वळी फोटो काढतानाच तयार होते.

मग वळ्या बघायच्या तरी कशाला? खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि तिच्यात बसलेला गोळा. काही बाळांची वाटी उथळ राहते आणि गोळा तिच्या काठाकडं किंवा काठाबाहेर वर सरकतो. तसं झालं की मांडीचं हाड तेवढंच असलं तरी मांडी आखूड पडते. सदऱ्याची बाही कोपरावर सारली की जशा चुण्या पडतात, तशी वरची कातडी गोळा होते. असं झालंय की पोर नुसतंच गुबगुबीत आहे, हे चुण्या बघून कळत नाही. त्यासाठी बाळाला हात लावून तपासावं लागतं.

तुम्हाला काही विचारते. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत बाळाचं डोकं खाली होतं का? प्रसूती कितव्या आठवड्यात झाली? पोटातलं पाणी कमी होतं का? दोन्ही घरांत कुणाचा खुबा लहानपणी निखळलेला होता का, किंवा तरुण वयात खुब्याचं ऑपरेशन झालं होतं का? आणि "डावीकडं" म्हणता ते बाळाचं डावं की फोटोतलं डावं?

खटावचा_आबा · १३ जून, दुपारी ३.१०

येवढं कशाला? एक एक्स-रे काढायचा, हाड जिथल्या तिथं हाय का नाय ते दिसतंय की. माझ्या भाच्याचा काढलावता, पाच मिन्टात काम. सोनोग्राफीत हाड कुठं दिसतंय, ती पोटाची असती.

मिरज_फिजिओ · १३ जून, दुपारी ३.४०

आबा, भाचा तेव्हा केवढा होता?

खटावचा_आबा · १३ जून, दुपारी ३.५५

सात म्हैन्याचा आसंल.

मिरज_फिजिओ · १३ जून, दुपारी ४.२०

मग त्याच्यासाठी एक्स-रेच बरोबर होता. पण नऊ-दहा आठवड्यांच्या बाळाच्या खुब्यातला गोळा अजून हाडाचा झालेला नसतो. तो कूर्चेचा असतो, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा, आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. वाटीचा अर्धा भाग आणि मांडीच्या हाडाचं टोक दिसतं, मधली जागा कोरीच राहते. सोनोग्राफीत मात्र हीच कूर्चा छान दिसते. साधारण चार ते सहा महिन्यांत गोळ्याच्या मध्यावर हाडाचा ठिपका येतो. तो वाढला की सोनोग्राफीला आतलं नीट दिसेनासं होतं आणि एक्स-रेवर ओळी आखून कोन मोजता येतात. त्यामुळं कुठली तपासणी चांगली हा वाद बाळाचं वय कळल्याशिवाय घालण्यात अर्थ नाही.

विट्याची_लेक · १३ जून, रात्री १०.१५

उत्तरं देते. अडतिसाव्या आठवड्यात सिझर झालं. पाणी थोडं कमी आहे असं शेवटच्या सोनोग्राफीत लिहिलं होतं. घरात खुब्याचं कुणाचं काही माहीत नाही, सासूबाईंना विचारते. आणि हो, बाळाचंच डावं.

डोक्याचं म्हणाल तर सिझर झाल्यामुळं तो प्रश्नच आला नाही ना? ती पोटात बसूनच होती, डोकं वर होतं, म्हणून तर सिझर केलं. आई तिला लाडानं पायाळू म्हणते. बाबांच्या पाठीत उसण भरली तेव्हा तिचा पाय त्यांच्या पाठीला लावून घेतला. 😄 पण तिचे पाय काही आधी बाहेर आलेले नाहीत.

मिरज_फिजिओ · १३ जून, रात्री १०.४०

ही गोष्ट तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती. पण तुमचा दोष नाही, जवळजवळ सगळ्याच आया हे असंच सांगतात.

बाळ कुठल्या वाटेनं बाहेर आलं याचा खुब्याशी संबंध फार थोडा. शेवटचे दोन-तीन महिने ते आत कसं बसलं होतं याचा फार मोठा. डोकं वर, ढुंगण खाली, आणि त्यात पाणी कमी. म्हणजे हलायला जागा कमी, मांड्या पोटाशी दुमडलेल्या, गोळा वाटीच्या मागच्या काठावर दाबला जातोय. त्यात मुलगी. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. त्यात पहिलटकरणीचं बाळ, कारण गर्भाशय अजून ताणलेलं नसतं. तुमच्या मुलीत या चारही गोष्टी एकत्र आल्यात. वळ्या अगदी मोजून सारख्या असत्या, तरीही मी हिचा खुबा तपासून घ्या आणि सोनोग्राफी करा असंच सांगितलं असतं. पायाळू मुलीची तपासणी हाताला ठीक वाटली तरी सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करावी, असंच बहुतेक ठिकाणी मानतात. तुम्ही दहाव्यात आहात. उशीर झालेला नाही, पण आता टाळूही नका.

दोन_पोरांची_आई · १३ जून, रात्री १०.५५

पण डॉक्टरांनी जन्मल्यावर तपासलं होतं ना? मग परत कशाला घाबरवायचं?

मिरज_फिजिओ · १३ जून, रात्री ११.२०

घाबरवत नाहीये. नवजात बाळाचा सांधा सैल असतो. डॉक्टर गुडघे दुमडून मांड्या हळूच बाहेर उघडतात. निखळलेला गोळा वाटीत परत बसताना हाताला 'खट्' असं जाणवतं. त्याला ऑर्टोलानीची तपासणी म्हणतात. उलट, आत असलेला गोळा मागं ढकलून सरकतो का ते बघायचं, ती बार्लोची. पण बाळ रडून पाय ताठ करत असेल तर यात काही हाताला लागत नाही. आणि नुसता उथळ असलेला, न सरकणारा खुबा यात पकडलाच जात नाही. दोन-तीन महिन्यांत स्नायू घट्ट होतात आणि ते 'खट्' निखळलेल्या खुब्यातही बंद होतं. मग खूण बदलते. मांडी बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या "ठीक आहे" वर कायमचं विसंबायचं नसतं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीला जाताच, त्याच वेळी डायपर काढून खुबे बघून घ्यायचे.

अवांतर: बाळाचं गुडघ्याचं किंवा खुब्याचं हलकं 'टिक्' वाजतं, त्याला घाबरू नका. ते शिरांचं असतं.

माणदेशी_सून · १४ जून, सकाळी ५.३०

रात्रभर हा धागा वाचत होते. आमचं लिहावं की नको असं झालं होतं.

माझ्या मुलीच्या वळ्या दोन्हीकडं अगदी सारख्या होत्या. फोटो आहेत अजून. पाय पण सारखे. सोळाव्या महिन्यात चालायला लागली आणि डुलत चालायची, पोट पुढं काढून, बदकासारखी. सगळे हसायचे, व्हिडिओ काढायचे. सासरे म्हणायचे, पाटलीणबाई निघाल्या. पैंजण घातले होते, त्याचा आवाज पण डुलत यायचा. दोन वर्षं उलटल्यावर एका लग्नात अनोळखी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही खुबे बाहेर होते. दोन्ही, म्हणून तर दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या.

एक झाल्यावर दुसरं अशी दोन ऑपरेशनं झाली. छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पाय फाकलेले, मध्ये आडवी काठी. एसटीच्या सीटवर मावायची नाही, म्हणून दवाखान्यात जायला दर वेळी जीप करावी लागायची. शी-शूला प्लास्टरमध्ये ठेवलेल्या खिडकीतून लंगोट सरकवायचा, तरी कड ओली व्हायचीच. केस वाळवायच्या मशीननं वाळवत बसायचे, गार हवेवर. आता आठ वर्षांची आहे. धावते, पण दमली की डावीकडं झुकते.

ताई, जाऊन या. माझं बाळ पायाळू नव्हतं, घरात कुणाला नव्हतं, तरी झालं.

मिरज_फिजिओ · १४ जून, सकाळी ९.००

@माणदेशी_सून लिहिलंत ते फार चांगलं झालं. दोन्ही खुबे सरकलेले असतील तर डावं-उजवं ताडून काहीच हाती लागत नाही, ही अडचण आम्हालाही येते. तिथं दोन्ही मांड्या मुळात किती उघडतात हेच बघावं लागतं.

@विट्याची_लेक लसीला जाईपर्यंत घरी फक्त नजरेनं बघायचं असेल तर असं बघा. बाळ पोट भरून शांत असताना, कडक चटईवर, डायपर काढून. कंबर सरळ. दोन्ही गुडघे वर दुमडा, टाचा एकमेकींच्या शेजारी ठेवा आणि तुमचे डोळे गुडघ्यांच्या पातळीला आणा. एक गुडघा खाली राहतोय का? मग दोन्ही गुडघे एकदमच हळू बाहेर उघडू द्या, फुलपाखरासारखे. एक बाजू आधी अडते का? बस, इथं थांबायचं. जोर लावायचा नाही, 'खट्' शोधायचं नाही. यात काही दिसलं नाही म्हणून जाणं रद्दही करायचं नाही.

विट्याची_लेक · १४ जून, दुपारी १.२०

बघितलं. गुडघे सारखेच वाटले मला. उघडताना डावा जरा आधी थांबतोय असं वाटतं, पण आता मला सगळंच वाटायला लागलंय. आई म्हणते, मालिशवाल्या मावशींनी पाय चांगले ओढून सरळ केले की सुटेल. त्या रोज अंघोळीनंतर पाय जुळवून धोतराच्या तुकड्यात घट्ट बांधतात, खांद्यापासून टाचेपर्यंत. बाळ मस्त झोपतं तीन तास.

मिरज_फिजिओ · १४ जून, दुपारी १.३५

ओढणं आणि पाय बांधणं आजपासून बंद. बाकी मालिश चालू द्या, मावशींना दुखवू नका.

बाळाचे पाय बेडकासारखे वाकलेले असतात, तेच त्यांचं योग्य ठेवणं. तेव्हा गोळा वाटीच्या मध्यावर दाबतो आणि वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. पाय जुळवून सरळ बांधले की गोळा काठाकडं ढकलला जातो. जपानमध्ये पूर्वी बाळांचे पाय असेच सरळ गुंडाळत. १९७५ च्या सुमारास तिथं ते थांबवायची देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांची संख्या खूप खाली आली. हात-छाती गुंडाळायची असेल तर गुंडाळा. कमरेखाली कापड इतकं सैल हवं की गुडघे वाकून बाहेर पडले पाहिजेत.

खटावचा_आबा · १४ जून, दुपारी २.००

आमच्या आयांनी समद्यास्नी आसंच बांधलंय. आमी काय लंगडतोय व्हय? आन् आपल्यात पोरं कडंवर घेत्यात, पाय फाकून. म्हणून आपल्याकडं ह्यो आजार नाय.

मिरज_फिजिओ · १४ जून, दुपारी २.२५

कडेवरचं तुम्ही अगदी बरोबर बोललात आबा. पाय फाकून कडेवर किंवा पाठीवर घेणाऱ्या समाजांत हे कमी आढळतं. पण बाळ कडेवर बसतं मान धरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. बांधायचं ते त्याच्या आधी. आणि "नाय" म्हणाल तर वरची पोस्ट वाचा.

आल्प्समधला_सांगलीकर · १५ जून, रात्री १.१०

मी गेली सहा वर्षं ऑस्ट्रियात आहे, दोन्ही मुलं इथं झाली. इथं प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी होते, पायाळू असो वा नसो. पहिल्या आठवड्यात एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांत परत. ती पद्धत इथल्याच ग्राफ नावाच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये मांडली आणि १९९२ पासून सगळ्यांसाठी चालू आहे. माणदेशी ताईंच्या मुलीसारखी मुलगी इथं सुटली नसती. आपल्याकडं का करत नाहीत?

मिरज_फिजिओ · १५ जून, सकाळी ८.५०

यावर जगभर एकमत नाही. इंग्लंड-अमेरिकेतही सरसकट करत नाहीत, जोखीम असलेल्यांचीच करतात. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच बाळांचा सांधा कच्चा दिसतो आणि आपोआप पिकतो. सगळ्यांना स्कॅन केलं की त्यातल्या काहींना खुबा जागेवर धरून ठेवणारा पट्टा गरज नसताना लागतो. आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी नेमकी घेणारे हात सगळ्या तालुक्यांत नाहीत. प्रोब जरा तिरका झाला तरी कोन बदलतो. तरी ताईंच्या मुलीचं उदाहरण वाचलं की माझंही मत डळमळतं, हे कबूल करते.

आल्प्समधला_सांगलीकर · १५ जून, दुपारी १२.३०

नको असलेला पट्टा दोन महिने आणि दोन ऑपरेशनं, यात मी पट्टा निवडेन. असो.

गटप्रवर्तक_ताई · १५ जून, रात्री ९.००

एक माहिती द्यायची राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. आशाताई घरी येतात तेव्हा बाळ उघडून दाखवा, नुसतं वजन करून पाठवू नका. शंका वाटली तर प्राथमिक केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाता येतं. खासगीच गाठलं पाहिजे असं नाही. आमच्या आशांना वाकडं पाऊल आणि फाटलेला ओठ लगेच दिसतो. खुबा कपड्यात राहतो, तो सुटतो.

विट्याची_लेक · २१ जून, रात्री १०.००

उशिरा लिहितेय, माफ करा. मंगळवारी दहा आठवड्यांच्या लसीला गेलो. इंजेक्शनच्या आधीच तपासा असं मी सांगितलं, नंतर ती रडली असती. बालरोगतज्ज्ञांनी दोन-तीनदा मांड्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, उजवी छान उघडते, डावी थोडी कमी. मला वाटलं होतं ते खरंच होतं तर. त्यांनी मिरजेला लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

काल सोनोग्राफी झाली. मी घाबरले होते, पण काहीच नाही. पन्हाळीसारखी एक गादी होती, दोन्ही बाजूंनी उंच. त्यात तिला कुशीवर ठेवलं. मी तोंडाशी वाकून बाटलीतून काढलेलं दूध पाजत होते. गार जेल लागलं तेव्हा एकदा दचकली, मग परत चोखायला लागली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र थांबवून तीन रेषा ओढल्या. उजवीकडं ६३ आणि डावीकडं ४८ असं लिहिलंय, त्यापुढं अल्फा. कुणी सांगेल का? डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण माझं "पट्टा" या शब्दानंतर लक्षच नव्हतं.

मिरज_फिजिओ · २१ जून, रात्री १०.३०

अल्फा म्हणजे वाटीच्या हाडाच्या छताचा कोन. जितका मोठा तितकी वाटी खोल. ६० आणि वर असेल तर सांधा पिकलेला, उजव्याची चिंता मिटली. ५० ते ५९ असेल तर लहान बाळात बहुतेक वेळा लक्ष ठेवून परत बघतात. ५० च्या खाली वाट बघत नाहीत. डावा ४८ आहे, म्हणजे छत उथळ आहे. गोळा पूर्ण बाहेर आहे असं काही लिहिलंय का?

विट्याची_लेक · २१ जून, रात्री १०.४१

नाही. "आत आहे पण काठावर" असं म्हणाले.

मिरज_फिजिओ · २१ जून, रात्री ११.०५

मग पट्ट्यासाठी याहून चांगली वेळ नाही. त्याला पावलिकचा पट्टा म्हणतात. छातीला एक पट्टी, खांद्यावरून दोन, आणि पावलांना रिकिबीसारखे कप्पे. पाय वाकलेले आणि उघडे राहतात, तरी बाळ लाथा मारू शकतं. हाड कुणी ओढत नाही. गोळा मध्यावर ठेवला की वाटी आपणहून वाढते. सहा महिन्यांनंतर पोर इतकं ताकदवान होतं की हा पट्टा सहसा चालत नाही.

डॉक्टरांनी बांधल्यावर पट्ट्यांवर पेनानं खुणा करून घ्या, म्हणजे सैल झालं तर कळेल. स्वतः घट्ट करू नका. मांड्या जबरदस्तीनं जास्त फाकवल्या तर गोळ्याचा रक्तपुरवठा दबतो, आणि ते मूळ दोषापेक्षा वाईट. आणि रोज बघा, तो पाय गुडघ्यातून सरळ झटकते का? झटकणं थांबलं तर त्याच दिवशी फोन करायचा. मांडी जास्त वर वाकून पुढची नस दबलेली असू शकते. पट्टा सैल केला की बहुधा ती सुटते.

दोन_पोरांची_आई · २२ जून, सकाळी ७.३०

पट्ट्याऐवजी दोन-दोन लंगोट बांधले तर? आमच्या वेळी तसं सांगायचे.

मिरज_फिजिओ · २२ जून, सकाळी ९.१५

सांगायचे खरे. पण कापड दबून जातं, गोळा धरून ठेवायची ताकद त्यात नाही. मधले आठवडे मात्र निघून जातात.

विट्याची_लेक · १६ जुलै, दुपारी ४.००

पट्टा लागून तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस सगळेच रडलो. अंघोळ बंद, ओल्या फडक्यानं पुसणं. मावशी रोज येऊन दारातूनच म्हणतात, "पोरीला दोरखंडात बांधलंय." आईनं गळ्याशी नाड्या असलेली मोठी झबली शिवली, ती पट्ट्यावरून बसतात. खांद्यापाशी पट्टी लागून लाल झालं होतं, तिथं आत मऊ बनियन घातल्यावर थांबलं. @हळदीचं_गाव, तुमचा वळ्या कोरड्या ठेवायचा सल्ला आता कामाला आला, गुडघ्याच्या मागं घाम साचतो. 🙂

आजची सोनोग्राफी: डावा ५३.

सासूबाईंना विचारलं. त्यांच्या बहिणीची मुलगी लहानपणापासून लंगडते. "पोलिओ झाला होता" असंच सगळे सांगत आले. आता सासूबाईच म्हणतात, कुणास ठाऊक पोलिओ होता की काय होतं.

हळदीचं_गाव · १६ जुलै, दुपारी ४.२०

😊 खोबरेल पट्ट्याला लागू देऊ नका, कुबट वास सुटतो.

माणदेशी_सून · १६ जुलै, रात्री ८.४५

५३ वाचून बरं वाटलं. झबल्याचं माप मला पण पाठवा, जावेच्या मुलीला सोनोग्राफी सांगितलीय. माझ्या सांगण्यावरून.

मिरज_फिजिओ · १६ जुलै, रात्री ९.१०

दिशा बरोबर आहे. तीन आठवड्यांनी आकडा हललाच नसता तर डॉक्टरांनी दुसरा मार्ग बघितला असता. सासूबाईंच्या भाचीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. तिला काय झालं होतं हे इथून सांगता येणार नाही, पण कागदावर नोंद असू द्या. दुसऱ्या बाळाच्या वेळी उपयोगी पडेल.

खटावचा_आबा · १७ जुलै, सकाळी ६.००

पोरगी लाथा मारती का न्हाय ते लिवलं न्हाईस.

विट्याची_लेक · १७ जुलै, सकाळी ६.४०

मारते आबा. काल चष्मा पाडला बाबांचा.

विट्याची_लेक · २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

आठ आठवडे पूर्ण. काल डावा ६१ आला. पट्टा काढला, पण सहा महिन्यांची झाली की एक्स-रे काढायचा आहे आणि चालायला लागेपर्यंत मधूनमधून दाखवायचं आहे. पाय बांधल्यामुळं झालं का असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पायाळू होतीच, बांधल्यानं किती भर पडली ते आता कुणीच सांगू शकणार नाही. आई दिवसभर गप्प होती.

आज दोन महिन्यांनी पाण्यात बसवून अंघोळ घातली. मावशींनीच घातली, पाय न ओढता. नंतर आईनं तसाच फोटो काढला, त्याच चटईवर, खाली जोडलाय. वळ्या अजून डावीकडं तीन आणि उजवीकडं दोनच आहेत.